कोटेशन गेलं, सोसायटी गप्प

छतावर सौर पॅनेल बसवून देणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना विचारा, कामातला सगळ्यात अवघड भाग कोणता? पॅनेल गच्चीवर चढवणं किंवा महावितरणच्या कागदपत्रांचा पाठपुरावा, असं उत्तर फार थोडे देतील. बहुतेकांना आठवतो तो कोटेशन दिल्यानंतरचा काळ. सोसायटीच्या सचिवांनी आपणहून फोन केलेला असतो. पाहणी झालेली असते, गच्चीवर चहाही झालेला असतो. दोन दिवसांत नीट आकडेमोड करून कोटेशन जातं, ‘कमिटीत ठेवतो आणि कळवतो’ असं उत्तर येतं आणि मग पंधरा दिवस काहीही येत नाही. या पंधरा दिवसांनंतर काय लिहायचं, केव्हा लिहायचं आणि कुठे थांबायचं, यावर बरीच कामं मिळतात किंवा हातची जातात.

अशा वेळी बहुतेक जण ‘सर, काही विचार झाला का?’ असा निरोप टाकतात. चार दिवसांनी तोच निरोप पुन्हा जातो. तिसऱ्यांदा ‘रिमाइंडर’ लिहून जातो. लिहिणाऱ्याला हे नम्रपणाचं वाटतं आणि त्यात उद्धट असं काही नसतंही. अडचण वेगळीच आहे. सचिव गप्प आहेत, कारण त्यांच्याकडे द्यायला उत्तरच नाही. निर्णय त्यांचा एकट्याचा नसतो. ते विनामानधन काम करणारे गृहस्थ असतात. दिवसभर स्वतःची नोकरी किंवा घर सांभाळतात, संध्याकाळी पाण्याच्या टँकरपासून पार्किंगच्या भांडणापर्यंत सगळं निस्तरतात. ‘विचार झाला का’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘अजून मीटिंगच झाली नाही’ एवढंच असतं. ते लिहायला संकोच वाटतो, म्हणून निरोप वाचून बाजूला ठेवला जातो. पुढच्या प्रत्येक आठवणीने हा संकोच वाढतो आणि शेवटी त्या नंबरचा फोन घेणंच टाळलं जातं.

म्हणून तारखा ठरवण्याआधी सोसायटीत निर्णय कसा होतो, ते पाहावं लागतं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची व्यवस्थापन समिती साधारणपणे महिन्यातून एकदा भरते. बऱ्याच ठिकाणी रविवार ठरलेला असतो. खर्च काही लाखांचा असेल, तर समितीला तो स्वतःच्या अधिकारात मंजूर करता येत नाही. विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी सभासदांकडे जावी लागते. अजेंड्यावर विषय आला नाही, तर ऐन सभेत तो मंजूर करून घेणं अवघड असतं. मधल्या काळात विशेष सभा बोलावता येते, पण एवढ्यासाठी सगळ्यांना पुन्हा जमवायला समिती सहसा तयार नसते. म्हणजे आपलं कोटेशन कधी वाचलं जाईल, हे आपल्या पाठपुराव्यावर फारसं अवलंबून नसतं. ते त्या रविवारांवर अवलंबून असतं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली अठ्ठेचाळीस सदनिकांची सोसायटी, दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे. सामायिक मीटरवर महिन्याला सुमारे २,६०० युनिट वापर. विक्रेत्याने २० किलोवॉटचा प्रकल्प सुचवला. एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरली, तर महिन्याला सुमारे २,४०० युनिट वीज मिळेल. सावली नसलेली साधारण दोन हजार चौरस फूट गच्ची त्यासाठी लागेल. किंमत सगळं धरून ११ लाख समजू. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे ३ लाख ६० हजार. कोटेशन गेलं सोमवारी, १३ जुलैला. समितीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होते, म्हणजे या महिन्याची बैठक आदल्याच दिवशी, १२ तारखेला होऊन गेली. पुढची ९ ऑगस्टला. गणपतीच्या आधी वार्षिक सभा उरकायची म्हणून ती ६ सप्टेंबरला घ्यायचं ठरलंय. तिची नोटीस २२ ऑगस्टपर्यंत निघायला हवी.

या तारखा समोर ठेवल्या की २७ जुलैची शांतता वेगळी दिसते. चौदा दिवस उत्तर नाही, कारण या चौदा दिवसांत सोसायटीत काही घडणारच नव्हतं. खरा प्रश्न ९ ऑगस्टचा आहे. त्या दिवशी हा विषय समितीपुढे आला आणि तिथून सभेच्या अजेंड्यावर गेला, तर या वर्षी काम होऊ शकतं. नाही गेला, तर विषय बहुधा पुढच्या वर्षावर जातो. म्हणून दिवस कोटेशनच्या तारखेपासून पुढे मोजू नयेत. बैठकीच्या तारखेपासून मागे मोजावेत. त्यासाठी ती तारीख माहीत असावी लागते आणि ती विचारायची योग्य वेळ कोटेशन देतानाचीच असते. ‘कमिटीची पुढची मीटिंग कधी आहे? त्याच्या तीन-चार दिवस आधी मी एकदा फोन करू का?’ एवढं त्याच वेळी विचारून घेतलं, तर नंतरचा फोन सचिवांनी परवानगी दिलेला फोन होतो. बहुतेक विक्रेते हे विचारत नाहीत, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

आपल्या उदाहरणातल्या विक्रेत्यानेही विचारलेलं नाही, असं धरू. आज मंगळवार, २८ जुलै. पहिला निरोप आज जावा. सचिव निवृत्त असतील तर सकाळी अकराच्या सुमारास, नोकरीत असतील तर संध्याकाळी आठच्या आसपास. रविवारी नको, कारण तो दिवस आधीच सोसायटीच्या कटकटींनी भरलेला असतो. या निरोपात निर्णयाबद्दल काहीही विचारायचं नाही. सचिवांना कोणालाही न विचारता, एका मिनिटात उत्तर देता येईल, असं काहीतरी विचारायचं:

‘नमस्कार सर. १३ तारखेला सोलरचं कोटेशन पाठवलं होतं. एक गोष्ट तपासायची राहिली आहे. सामायिक मीटरच्या बिलावर “मंजूर भार” किती आहे, ते पाहायचंय. बिलाचा फोटो पाठवता का? आणि कमिटीची पुढची मीटिंग कोणत्या तारखेला आहे? त्याआधी सभासदांसाठी एका पानाची माहिती तयार करून देतो.’

मंजूर भाराचा प्रश्न निमित्त म्हणून काढलेला नाही. महाराष्ट्रात नेट मीटरिंगखाली बसवायच्या प्रकल्पाची क्षमता मंजूर भाराच्या मर्यादेत असावी लागते. भार कमी असेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात. पाहणीच्या वेळीच ही माहिती घेतलेली असेल, तर हा प्रश्न विचारू नये. दुसरं काही खरोखर हवं असेल तेच विचारावं: गेल्या बारा महिन्यांची बिलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी झालं, लिफ्टच्या मशिनरूमची उंची. खोटं निमित्त लगेच ओळखू येतं आणि त्यानंतर खऱ्या प्रश्नावरही विश्वास राहत नाही.

शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. सचिवांना समितीपुढे बोलायचं असतं आणि त्यांच्या हातात बारा पानांची पीडीएफ असते. तीत इन्व्हर्टरचे तांत्रिक तक्ते असतात. शेजारच्या काकांनी ‘पण आपल्याला किती पडणार?’ असं विचारलं, की त्यांना पानं चाळावी लागतात. एका पानाची माहिती त्यांचं ओझं हलकं करते, त्यामुळे या निरोपाला उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ असते.

उत्तर नाहीच आलं, तर चार दिवसांनी, म्हणजे शनिवारी १ ऑगस्टला, एक फोन करावा. एकच. उचलला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा लावू नये. दहा मिनिटांत चार मिस्ड कॉल दिसले, की घरात काही झालंय की काय अशी धास्ती वाटते. मग विक्रेत्याचं नाव दिसल्यावर राग येतो, आणि तो रागही रास्तच असतो. फोन उचलला नाही तर मागोमाग एक ओळ लिहावी: ‘सर, मीटिंगची तारीख विचारायला फोन केला होता. सवडीने इथेच लिहिलंत तरी चालेल.’ फोन कशासाठी होता हे कळलं, की माणूस उलटा फोन करायला घाबरत नाही. निर्णयासाठी दबाव येईल, या शंकेनेच बरेच फोन टाळले जातात.

समजा, यावर उत्तर आलं: ‘मीटिंग ९ ला आहे. ठेवतो.’ बिलाचा फोटोही आला. आता ‘धन्यवाद सर’ एवढंच लिहून थांबावं आणि पुढचा निरोप बुधवारी किंवा गुरुवारी, ५ किंवा ६ ऑगस्टला पाठवावा. आठवडाभर आधी पाठवलं तर ते ग्रुपमधल्या वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली दबून जातं. आदल्या रात्री पाठवलं तर कोणी वाचत नाही. तीन-चार दिवस आधी दिलं, तर सचिव ते समितीच्या ग्रुपवर पुढे ढकलतात आणि मीटिंगआधी एक-दोन जणांनी तरी ते वाचलेलं असतं.

या पानावर काय असावं? कंपनी किती जुनी आहे, किती प्रकल्प केले, हे कोटेशनमध्ये आलेलंच असतं. इथे सभासद जे प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरं हवीत, आणि ते प्रश्न सगळीकडे जवळपास सारखेच असतात. पहिला पैशांचा. ‘सुरुवातीला ११ लाख भरावे लागतील, म्हणजे सदनिकेमागे सुमारे २२,९०० रुपये. प्रकल्प सुरू होऊन तपासणी झाल्यावर ३ लाख ६० हजार अनुदान संस्थेच्या खात्यात येईल. त्यानंतर निव्वळ खर्च सदनिकेमागे सुमारे १५,४०० रुपये.’ अनुदान वजा केलेला आकडाच फक्त दाखवायचा मोह होतो. तो टाळावा. सभेत कोणीतरी हिशेब करतोच, आणि आधी पूर्ण रक्कम भरायची आहे हे तेव्हा बाहेर आलं, तर सचिव सगळ्यांसमोर तोंडघशी पडतात. असे सचिव नंतर आपला विषय हातात घेत नाहीत. दुसरा प्रश्न गच्ची गळण्याचा. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे सभासद हा प्रश्न काढतात आणि त्यांची भीती खरी असते. स्लॅबला भोकं पाडणार की सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करणार, हे एका ओळीत स्पष्ट लिहावं. तिसरा, बिल शून्य होईल का? नाही होणार. वापर बराचसा भरून निघेल, स्थिर आकार द्यावाच लागेल. हे आपणच लिहिलं, तर पुढची वाक्यं लोक विश्वासाने वाचतात.

मीटिंग झाली. सोमवारी सकाळी फोन करायची घाई होते. रविवारच्या चर्चेनंतर सचिवांना इतिवृत्त लिहायचं असतं, दोन नाराज सभासदांची समजूत काढायची असते. मंगळवारी, ११ तारखेला लिहावं. हा निरोप असा असावा की अंगठ्याने एक आकडा टाइप करून उत्तर देता येईल:

‘नमस्कार सर. रविवारी सोलरचा विषय झाला असेल, तर फक्त आकडा लिहून कळवा. १ – सभेच्या अजेंड्यावर घेतोय. २ – काही बदल किंवा शंका आहेत. ३ – सध्या विषय बाजूला ठेवलाय. ३ असेल तरी हरकत नाही, त्याप्रमाणे मी माझी नोंद करून ठेवतो.’

तिसरा पर्याय देताना विक्रेत्याचा हात अडखळतो, कारण आपणच नकार सुचवतोय असं वाटतं. पण मराठी माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं, विशेषतः ज्याने गच्चीवर येऊन दोन तास मोजमाप केलं त्याला. आपण तो शब्द सोपा करून दिला, की खरं कारण बाहेर येतं. आणि ते बहुतेकदा किमतीचं नसतं. ‘पुनर्विकासाची चर्चा सुरू झालीये’, ‘बिल्डरने गच्चीचे हक्क अजून दिलेले नाहीत’, ‘समितीची निवडणूक लागतीये’ अशी कारणं असतात. इमारत पाच-सहा वर्षांत पाडायची असेल, तर पंचवीस वर्षं चालणारी पॅनेलं त्यावर कशाला कोण बसवेल? हे कळल्यावर त्या सोसायटीमागे आणखी महिनाभर धावण्यात अर्थ नसतो. निवडणुकीचं कारण असेल, तर नवी समिती आल्यावर नव्या सचिवांना पुन्हा पहिल्यापासून भेटावं लागतं. जुन्या संभाषणाचा हवाला तिथे फारसा चालत नाही.

शांततेच्या काळातही विषय जिवंत आहे की संपला, हे थोडंफार ओळखता येतं. निरोपावर निळ्या खुणा उमटल्या पण उत्तर नाही, यातून काही कळत नाही. त्याउलट अनोळखी नंबरवरून एखादा सभासद फोन करून ‘गच्चीवर वाळवण घालायला जागा उरेल का?’ असं विचारतो, तेव्हा आपलं पान सोसायटीत फिरतंय हे नक्की. सचिव वॉरंटीबद्दल विचारतात, तेव्हाही तसंच. ‘फक्त रेट सांगा, किती कमी कराल?’ एवढंच विचारलं गेलं, तर बहुधा दुसऱ्या कोणाला काम द्यायचं ठरलंय आणि तुलनेसाठी तीन कोटेशनं पूर्ण करायची आहेत. तिथे किंमत पाडण्याआधी ‘इतर कोटेशनमध्ये पॅनेल कोणत्या प्रकारची आहेत?’ हे विचारून पाहावं. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलची पॅनेलं लागतात. ती नसलेलं स्वस्त कोटेशन अनुदान गृहीत धरून दाखवलं गेलं असेल, तर हे समितीला आधी कळणं तिच्याच भल्याचं आहे.

मुदतीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण इथे सर्रास खोटं बोललं जातं. ‘ऑफर शुक्रवारपर्यंतच’, ‘फक्त दोन स्लॉट उरलेत’ असे निरोप जातात. शुक्रवार जातो आणि सोमवारी तोच दर पुन्हा मिळतो. एकदा हे घडलं, की त्या विक्रेत्याची कोणतीच तारीख खरी मानली जात नाही. खऱ्या मुदती असतातच. पॅनेलचे भाव बदलतात, म्हणून कोटेशन तीस दिवसांसाठी असतं. कर बदलतो: सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीची कोटेशनं नव्याने करावी लागली. ‘पीएम सूर्यघर’चा कालावधीही २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतचा ठरवलेला आहे. अशी तारीख सांगताना तिचं कारणही सांगावं आणि ती पहिल्या कोटेशनपासून सांगितलेली असावी. शांततेला कंटाळून मध्येच काढलेली मुदत समोरच्याला लगेच कळते.

आपल्या उदाहरणात ११ ऑगस्टच्या निरोपालाही उत्तर आलं नाही, असं धरू. आता नोटिसीची तारीख, २२ ऑगस्ट, जाऊ द्यावी. सोमवारी २४ तारखेला शेवटचा निरोप पाठवावा:

‘नमस्कार सर. आमच्या कोटेशनची तीस दिवसांची मुदत १२ तारखेला संपली. कमिटीकडे इतर कामं असतील हे समजू शकतो, त्यामुळे तुमची फाइल आता बंद करून ठेवतोय. यापुढे याबद्दल निरोप पाठवणार नाही. पाहणीची मापं आणि गच्चीचा आराखडा माझ्याकडे आहे, लागला तर दुसऱ्या कोणाकडून काम करून घ्यायचं असेल तरी मागा. विषय पुन्हा निघाला तर त्या वेळच्या दराने नवं कोटेशन देईन.’

या निरोपात नाराजी दिसू नये, आणि ‘एवढी मेहनत घेतली’ असं तर चुकूनही लिहू नये. यापुढे निरोप येणार नाही असं लिहिलं, तर ते पाळावं लागतं. पंधरा दिवसांनी ‘सहज चौकशी’ म्हणून लिहिलं, तर आधीच्या निरोपाला किंमत राहत नाही. गंमत अशी की संपूर्ण मालिकेत सगळ्यात जास्त उत्तरं याच निरोपाला येतात, असं या धंद्यातले जुने लोक सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. इतके दिवस सचिवांच्या मनावर उत्तर न दिल्याचं ओझं होतं. ते उतरलं की बोलणं सोपं होतं. ‘सॉरी, सभेत विषय घेता आला नाही, जानेवारीत विशेष सभा घेतोय’ असं उत्तर आलं, तर तो महिना वहीत लिहून ठेवावा. २८ जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत मिळून चार निरोप आणि एक फोन झाला. यापेक्षा जास्त लागत असेल, तर मधल्या कुठल्या तरी निरोपात समितीला उपयोगी असं काही नव्हतं, असं समजावं.

आणि डिसेंबरात कधीतरी त्याच नंबरवरून ‘तुमचं ते सोलरचं कोटेशन आहे ना?’ असा निरोप आला, तर ‘हो सर, आहे. नव्या दराने उद्या पाठवतो. कमिटीची मीटिंग कोणत्या तारखेला आहे?’ एवढंच लिहावं.